रंग बदलला, पण सिद्ध काय झाले?

मा. शिक्षण निरीक्षक, उत्तर व पश्चिम विभाग, बृहन्मुंबई,
आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील शालेय विज्ञान प्रदर्शनांचे सर्व परीक्षक यांस,



उपनगरातल्या कुठल्याही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात गेले, तरी दोन टेबले हमखास भेटतात. एकावर परीक्षानळ्या, हळद, दूध, मिरचीपूड आणि मागे ‘अन्नातील भेसळ ओळखा’ असा तक्ता. दुसऱ्यावर लोणच्याच्या बरण्या, मुरांबा, वाळवलेल्या मिरच्या आणि ‘अन्न टिकवण्याच्या घरगुती पद्धती’. हे विषय दरवर्षी येतात म्हणून कुणी नाक मुरडू नये. खर्च कमी, सामान घरातले आणि प्रश्न रोजच्या ताटातला, म्हणजे शाळकरी प्रयोगाला हवे ते सगळे यात आहे. माझी तक्रार मुलांबद्दल नाही. आपण त्यांना काय विचारतो आणि कशाला गुण देतो, याबद्दल आहे.

हळदीचेच घ्या. मुलगी नळीत चिमूटभर हळद टाकते, वर ॲसिडचे थेंब सोडते, नळीत लालसर-जांभळा रंग येतो आणि ती सांगते, ‘यात मेटॅनिल यलो आहे.’ पाहणारे पालक हादरतात, परीक्षक मान डोलावतात. पण शुद्ध हळदीतही असाच रंग येऊ शकतो. हळदीचा पिवळेपणा ज्या कर्क्युमिनमुळे असतो, ते तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये स्वतःच लाल होते. म्हणूनच चाचणीच्या मूळ कृतीत पुढची एक पायरी असते: नळीत पाणी घालायचे. पाणी घातल्यावर लाली गेली तर ती हळदीची, टिकली तर मेटॅनिल यलोचा संशय. टेबलावर ही पायरी गळते, कारण रंग दिसला की प्रयोग संपला असे वाटते. मग सांगलीहून आणलेल्या हळकुंडांची घरची हळदसुद्धा भेसळीची ठरते.

पाणी घालणाऱ्या मुलांचीही एक अडचण होते. मेटॅनिल यलो हा रंग म्हणजे मुळात एक दर्शक आहे, शाळेतल्या मिथिल ऑरेंजच्या कुळातला. पीएच १.२च्या खाली तो लाल-जांभळा असतो आणि २.३च्या वर पुन्हा पिवळा होतो. म्हणजे पाणी बेताने घातले तर लाली टिकते, पण नळीभर ओतले की ॲसिड इतके पातळ होते की खऱ्या भेसळीची लालीही जाते. ‘थोडे पाणी घाला’ एवढे लिहिलेली कृती म्हणूनच अपुरी आहे. किती मिलिलिटर हळदीच्या पाण्यात किती मिलिलिटर ॲसिड आणि नंतर किती पाणी, हे तक्त्यावर असायला हवे.

मोबाइलवर फिरणारी ‘लिंबू पिळा आणि हळद तपासा’ ही कृतीही याच आकड्यांवर फसते. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण २.३च्या आसपास असतो, व्हिनेगरचा त्याहून थोडा जास्त. तिथे मेटॅनिल यलो पिवळाच राहतो. त्यामुळे भेसळीची हळदही लिंबाच्या परीक्षेत उत्तीर्ण होते आणि घरचे निर्धास्त होतात. ॲसिडने शुद्ध हळद दोषी ठरते आणि लिंबाने दोषी हळद सुटते. दोन्ही वेळा रंगाचे निरीक्षण खरेच असते, त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा असतो.

आयोडीनचेही तसेच. दुधात किंवा पनीरमध्ये स्टार्च शोधायला आयोडीन योग्य आहे, कारण दुधात स्टार्च मुळात नसतो. मात्र नमुना पाण्यात उकळून पूर्ण गार करावा लागतो. गरम असताना निळा रंग उमटत नाही, आणि घाई करणाऱ्या मुलांना ‘भेसळ नाही’ असे उत्तर मिळते. आता हेच आयोडीन काही मुले हळदीवर टाकतात आणि काळानिळा रंग दाखवून ‘हळदीत पीठ मिसळले आहे’ असे सांगतात. हळद हा जमिनीखाली वाढणारा कंद आहे, त्यात स्वतःचाच भरपूर स्टार्च असतो. आयोडीनने निळी न होणारी हळद कुठेच मिळणार नाही. बाहेरचे पीठ ओळखायचे तर शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. हळकुंडे शिजवूनच वाळवतात, त्यामुळे हळदीतला स्टार्च फुगून पिवळ्या, ओबडधोबड गोळ्यांसारखा दिसतो. वरून मिसळलेल्या कच्च्या पिठाचे कण लहान, सुटे आणि रंगहीन असतात.

मग नीट केलेला प्रयोग कसा असतो? आठवी-नववीच्या मुलांना जमेल असा एक नमुना सविस्तर सांगते.

सुरुवात ओळखीच्या हळदीपासून करावी. उन्हाळ्यात उपनगरांतल्या कांडपवाल्यांकडे मिरची-मसाल्याबरोबर हळकुंडेही दळून मिळतात. हळकुंडे धुऊन, वाळवून, डोळ्यांदेखत दळून आणलेली हळद हा आपला स्वच्छ नमुना. त्यानंतर मुद्दाम भेसळ करायची. हे काम शिक्षकांचे, हातमोजे घालून, आणि वापरलेली प्रत्येक पूड शेवटी नष्ट करायची. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्याकडून घेतलेला मेटॅनिल यलो ०.१ ग्रॅम आणि स्वच्छ हळद ९.९ ग्रॅम, चांगली एकजीव केली की १ टक्का भेसळीचा नमुना तयार होतो. त्यातला १ ग्रॅम आणि स्वच्छ हळद ९ ग्रॅम, म्हणजे ०.१ टक्का. पुन्हा तसेच केले की ०.०१ टक्का. याच हिशेबाने आणखी एक-दोन पायऱ्या उतरता येतात. शिक्षकांनी सगळ्या पुड्यांवर फक्त आकडे घालावेत आणि कुठल्या पुडीत काय आहे ते स्वतःकडे लिहून ठेवावे. तपासणाऱ्या मुलांना ते कळता कामा नये. भेसळ आहे हे आधी माहीत असले, की डोळ्यांना फिकट पिवळाही गुलाबी दिसू लागतो.

तपासणीत हळदीवर थेट ॲसिड ओतायचे नाही. मेटॅनिल यलो पाण्यात सहज विरघळतो, कर्क्युमिन जवळजवळ विरघळत नाही. या फरकाचा फायदा घ्यावा. १ ग्रॅम पूड १० मिलिलिटर कोमट पाण्यात दोन मिनिटे हलवावी, गाळणकागदातून गाळावी आणि गाळलेले पाणी स्वच्छ होईपर्यंत थांबावे. गढूळ पाणी घेतले तर तरंगणारे कण पुन्हा गोंधळ करतात. या पाण्यातले २ मिलिलिटर नळीत घेऊन त्यात शाळेतले विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड १ मिलिलिटर घालावे. विरल ॲसिडने कर्क्युमिन लाल होत नाही, पण मेटॅनिल यलो लाल व्हायला तेवढी आम्लता पुरते. म्हणजे तीव्र ॲसिड हाताळायची गरजच उरत नाही. संडास साफ करायचे ॲसिड तर टेबलावर येताच कामा नये. त्याची तीव्रता कुणाला ठाऊक नसते, वाफ डोळ्यांना झोंबते आणि कधी कधी त्याला स्वतःचाच रंग असतो.

प्रत्येक पुडीची चाचणी तीनदा करावी आणि पांढऱ्या कागदापुढे नळी धरून, शेजारी स्वच्छ हळदीची नळी ठेवून रंग नोंदवावा. ज्या पायरीला दोन नळ्यांतला फरक कळेनासा होतो, तिथे आपल्या चाचणीची नजर संपली. समजा ०.०१ टक्क्याला गुलाबी छटा तिन्ही वेळा दिसली आणि त्याच्या खालच्या पायरीला तीनपैकी एकदाच. मग बाजारातली हळद तपासल्यावर मुलांना म्हणता येते, ‘आमच्या पद्धतीला ०.०१ टक्के किंवा त्याहून जास्त मेटॅनिल यलो दिसतो. या पाच नमुन्यांत तो दिसला नाही.’ या दोन वाक्यांना मी तक्ताभर लाल अक्षरांपेक्षा जास्त गुण देईन. मेटॅनिल यलो मिळाला नाही तर सरावासाठी मिथिल ऑरेंज चालेल, फक्त तसे तक्त्यावर लिहावे. दोघांचे रंग बदलण्याचे पीएच वेगळे आहेत.

या चाचणीला काय दिसत नाही, तेही मुलांनी सांगावे. टार्ट्राझिन हा पिवळा रंग काही खाद्यपदार्थांत चालतो, हळदीत नाही. तो ॲसिडमध्ये पिवळाच राहतो, म्हणून या चाचणीतून निसटतो. त्याहून गंभीर गोष्ट लेड क्रोमेटची, म्हणजे शिशाच्या पिवळ्या रंगाची. हळकुंडे चकचकीत दिसावीत म्हणून तो बाहेरून चोळतात. तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आपल्या गाळलेल्या पाण्यात उतरतच नाही. बांगलादेशात हळदीतून लोकांच्या रक्तात शिसे जात असल्याचे २०१९मध्ये संशोधकांनी दाखवले, तेव्हा तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने बाजारांवर छापे घातले, दंड केले, जाहीर इशारे दिले आणि २०२१पर्यंत बाजारातल्या नमुन्यांतून ही भेसळ जवळपास नाहीशी झाली. शिसे मोजायला प्रयोगशाळेतली उपकरणे लागतात, नळी आणि ॲसिड पुरत नाही. हळकुंड आणून घरी दळले की निर्धास्त, हा समजही यामुळे पुरा खरा ठरत नाही. म्हणूनच आपल्या स्वच्छ नमुन्याची हळकुंडे आधी धुवायला सांगितली आणि म्हणूनच त्यांना ‘मेटॅनिल यलोपुरती स्वच्छ’ एवढेच म्हणावे.

यातूनच तक्त्यावर कंपन्यांची नावे लिहिण्याचा मुद्दा निघतो. काही तक्त्यांवर पाकिटेच चिकटवलेली असतात आणि खाली शेरा असतो, ‘भेसळयुक्त’. २००६च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्यानुसार अन्नसुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून सीलबंद करतो. त्यातला एक अन्न विश्लेषकाकडे जातो, त्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि विक्रेत्याला फेरतपासणी मागता येते. एवढे झाल्यावर जे म्हणता येते, ते एका नळीवरून म्हणू नये. तक्त्यावर नमुना क, ख, ग एवढेच असावे. खरोखरच संशय आला तर त्याच कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणत्याही ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो, आणि तक्रारीसाठी वांद्रे-कुर्ला संकुलात राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय आहे. तक्त्याच्या शेवटी ही माहिती दिली तर पाहणाऱ्याला घाबरून घरी जाण्याऐवजी पुढची वाट कळेल.

आता दुसरे टेबल, बरण्यांचे. इथे चूक झाली तर ती नुसत्या निष्कर्षावर थांबत नाही, कुणाच्या तरी पोटात जाते. तक्त्यावर साधारण लिहिलेले असते: ‘मीठ, साखर, तेल आणि व्हिनेगर यांमुळे अन्न टिकते.’ या यादीत तेल इतरांच्या पंगतीला बसवणे धोक्याचे आहे. तेल जंतू मारत नाही, ते हवा अडवते. बुरशीला हवा लागते, म्हणून वर तेलाचा थर असला की बुरशी येत नाही. पण ज्याला हवा नकोच असते, त्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूला तेलाखाली हवी तशी जागा मिळते. त्याचे बीजाणू मातीत असतात, म्हणून लसूण, आले, मिरचीबरोबर घरात येतात आणि साध्या उकळण्याने मरत नाहीत. ओल, कमी आम्लता, हवेचा अभाव आणि खोलीचे तापमान एकत्र आले की ते वाढतात आणि विष तयार करतात. या विषाला वास नसतो, चव नसते. ‘वास घेऊन पाहा’ ही घरातली नेहमीची परीक्षा इथे कामाची नाही. १९८५मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहातल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना बॉटुलिझम झाला. तो लसूण फ्रिजबाहेर ठेवलेला होता.

मग आजीच्या बरणीतले कैरीचे लोणचे वर्षभर कसे टिकले? कैरीमुळे. कैरी आणि लिंबू यांचा पीएच ३च्या आसपास किंवा त्याखाली असतो आणि ४.६च्या खाली हा जिवाणू वाढू शकत नाही. शिवाय त्या लोणच्यात मीठ सढळ हाताने पडायचे. फोडी, मीठ, फोडणी, तेल, कृती तीच ठेवून कैरीच्या जागी नुसता लसूण घातला की सगळे बदलते, कारण लसणाचा पीएच ६च्या आसपास आहे. हल्ली रक्तदाबामुळे घरोघरी मीठही कमी केले जाते, आणि मग उरते ते फक्त तेल.

मुलांनी मोजावी ती गोष्ट हीच: आंबट रस लसणाच्या गाभ्यापर्यंत पोचायला किती दिवस लागतात? दोन स्वच्छ काचेच्या बरण्या घ्याव्यात. प्रत्येकीत सोललेला लसूण ५० ग्रॅम, लिंबाचा रस ५० मिलिलिटर, मीठ १० ग्रॅम. एकीत पाकळ्या अख्ख्या, दुसरीत चकत्या. दोन्ही फ्रिजमध्ये. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी प्रत्येक बरणीतून थोडा लसूण काढावा, वरवर धुऊन पुसावा, तेवढ्याच वजनाच्या डिस्टिल्ड पाण्यात ठेचावा आणि त्याचा पीएच पाहावा. बरणीतल्या रसात कागद बुडवून काही कळत नाही, रस पहिल्या दिवसापासून आंबटच असतो. १ ते १४ आकड्यांचा नेहमीचा कागदही पुरत नाही, कारण त्यावर ४ आणि ५ यांमधला फरक नीट वाचता येत नाही. अरुंद पट्ट्याचा कागद घ्यावा, किंवा शाळेत पीएच मीटर असेल तर तो ४ आणि ७च्या द्रावणांवर जुळवून वापरावा. या प्रयोगात हळद अजिबात घालू नये. तिचा पिवळा रंग कागदावर बसतो आणि आकडा चुकीचा वाचला जातो. तेलही नको, ते कागद भिजू देत नाही.

आलेख काढला की चकत्यांची रेघ अख्ख्या पाकळ्यांच्या रेघेपेक्षा आधी खाली उतरताना दिसेल, आणि ४.६ची आडवी रेघ कोणी कधी ओलांडली हे बोट ठेवून दाखवता येईल. त्यावरून घरचा नियमही मिळतो: लसूण, आले, मिरची आधी चिरून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवावी आणि तेल नंतर घालावे. काठावरच्या ४.६वर समाधान न मानता गाभ्याचा आकडा ४च्या खाली नेलेला बरा. आंबट न घालता केलेले लसणाचे तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे आणि उरले तर टाकून द्यावे. कोळंबीचे लोणचे करणाऱ्या घरांनाही हाच आकडा लागू आहे, कारण कोळंबीत स्वतःची आम्लता नसते.

आणि एक गोष्ट मुलांनी करूच नये. तेलातला लसूण ‘खराब होतो का पाहू’ म्हणून टेबलावर आठवडाभर ठेवण्याचा प्रयोग कुणी मांडला, तर परीक्षकांनी तो तिथेच थांबवावा. लसणाचा पीएच ६ आणि सुरक्षिततेची रेघ ४.६, एवढ्यावर मुद्दा सिद्ध होतो. त्यासाठी विष तयार करून दाखवायची गरज नाही. प्रदर्शनातल्या बरणीतले काहीही कुणाला चाखायला देऊ नये, परीक्षकांनाही. जुलैच्या दमट हवेत लोणच्यावर बुरशी आली तर ‘वरची काढून टाकली, खालचे चांगले आहे’ असेही मुलांनी सांगू नये. काही बुरश्या आम्लच खातात, त्यामुळे त्यांच्याखालच्या लोणच्याचा पीएच वाढतो आणि ज्या आंबटपणावर भरवसा होता तोच जातो. अशी बरणी संपूर्ण टाकावी.

तर मा. निरीक्षक आणि परीक्षकहो, या वर्षीच्या गुणपत्रिकेसाठी माझ्या चार विनंत्या आहेत. भेसळीच्या प्रकल्पाला गुण देण्याआधी दोन नळ्या मागाव्यात: एक खात्रीच्या स्वच्छ नमुन्याची, दुसरी मुद्दाम भेसळ केलेल्या नमुन्याची. त्या नसतील तर रंग कितीही सुंदर आला तरी निष्कर्षाचे गुण देऊ नयेत. ‘तुमच्या चाचणीला काय दिसत नाही?’ हा प्रश्न प्रत्येक गटाला विचारावा आणि प्रामाणिक उत्तराला वेगळे गुण ठेवावेत. अन्न टिकवण्याच्या प्रकल्पात निदान एक तरी मोजलेला आकडा मागावा, पीएचचा किंवा मिठाच्या प्रमाणाचा, नुसती पाककृती नको. आणि कंपन्यांची नावे, तीव्र ॲसिड व चाखायला ठेवलेल्या वाट्या, या तिन्हींना प्रदर्शनाच्या नियमावलीतच मनाई करावी.

यासाठी शाळांना नवे अनुदान लागत नाही. लागतात ते विरल ॲसिड, गाळणकागद, पीएचच्या कागदाचे एक पुडके आणि परीक्षकाने प्रत्येक टेबलापाशी आणखी पाच मिनिटे उभे राहून विचारलेला ‘कशावरून?’ हा प्रश्न. तो यंदापासून विचारायला सुरुवात करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका
मुलुंड (पूर्व), मुंबई